गोळीनं आलेली पाळी काय सांगते?

पाळी तीन-चार महिने आली नाही आणि घरी केलेली गर्भचाचणी नकारार्थी निघाली, की बहुतेकींच्या हातात आधी पडते ती पाच किंवा दहा दिवसांच्या गोळ्यांची पट्टी. केमिस्टकडे 'पाळी आणायच्या गोळ्या' एवढं सांगितलं तरी त्याला कळतं. गोळ्या संपल्या की बहुधा दोन ते सात दिवसांत अंगावरून जातं, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि विषय मिटतो. पुढच्या महिन्यात पाळी पुन्हा येत नाही, मग पुन्हा पट्टी. असं वर्ष-दीड वर्ष चाललं तरी कोणाला काही वावगं वाटत नाही, कारण रक्तस्राव तर होतोय. या प्रकरणात माझं म्हणणं एवढंच आहे, की हा रक्तस्राव म्हणजे पाळी नव्हे. एका अगदी मर्यादित प्रश्नाचं ते उत्तर आहे. रक्ताच्या चार साध्या तपासण्यांच्या आधी तो प्रश्न विचारला, तर उत्तर खरं असूनही दिशाभूल करतं.

आधी हद्द आखून घेऊ. इथे चर्चा आहे ती एकदा सुरू झालेली पाळी थांबण्याची. पाळी नियमित असणारीला तीन महिने आणि मुळातच अनियमित असणारीला सहा महिने पाळी आली नाही, तर तपासणी करावी असा संकेत आहे. पंधराव्या वर्षापर्यंत पहिली पाळीच आली नसेल, तर तिथे जन्मजात रचना आणि गुणसूत्रं यांचा विचार आधी करावा लागतो. तो विषय वेगळा आहे.

गोळी थांबवल्यावर रक्त येतं कसं, हे नीट समजलं तर अर्धा गोंधळ मिटतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला वाढवतं ते इस्ट्रोजेन. बीजांडकोशातून बीज बाहेर पडलं की तिथे मागे राहिलेला पिवळा पिंड प्रोजेस्टेरॉन तयार करतो आणि ते या अस्तराची वाढ थांबवून त्याला गर्भधारणेसाठी तयार करतं. गर्भ राहिला नाही तर पिंड विरतो, प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं आणि अस्तराचा वरचा थर गळतो. हे गळणं प्रत्यक्ष पाहिलं मार्की या अमेरिकन शास्त्रज्ञानं. त्यानं ऱ्हीसस माकडिणींच्या गर्भाशयाच्या अस्तराचे बारीक तुकडे त्यांच्याच डोळ्याच्या पुढच्या पोकळीत रोवले आणि पारदर्शक बुब्बुळातून महिनोन्‌महिने त्यांच्याकडे पाहत राहिला. १९४० मध्ये त्यानं ते निरीक्षण प्रसिद्ध केलं. संप्रेरक उतरलं की अस्तर आक्रसतं, त्यातल्या स्प्रिंगसारख्या वळणदार रोहिण्या काही तास आवळल्या जातात आणि मग त्या सैल पडतात तेव्हा इथून-तिथून रक्त झिरपायला लागतं. डोळ्यातल्या त्या तुकड्याचा मेंदूशी किंवा बीजांडकोशाशी मज्जातंतूंनी काही संबंध उरलेला नव्हता. रक्तातलं संप्रेरक उतरणं एवढंच त्याला पुरेसं होतं.

गोळीही हेच करते. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन रोज १० मिलिग्रॅम, पाच ते दहा दिवस, ही तिची नेहमीची मात्रा. प्रोजेस्टेरॉनचं काम गोळीनं केलं आणि गोळी थांबली की संप्रेरक उतरलं. पण यात एक अट लपलेली आहे. प्रोजेस्टेरॉनला अस्तरावर पकड मिळते ती तिथल्या ग्राहींमुळे, आणि हे ग्राही तयार व्हायला आधी इस्ट्रोजेन लागतं. मागच्या काही आठवड्यांत इस्ट्रोजेन मिळालेलंच नसेल, तर अस्तर पातळ राहतं आणि गोळी दिली काय, थांबवली काय, गळायला तिथे काही नसतं. म्हणून गोळीनंतर रक्त आलं तर त्यातून दोनच गोष्टी कळतात. अस्तरापर्यंत इस्ट्रोजेन पोचत होतं आणि गर्भाशयापासून बाहेरपर्यंतची वाट मोकळी आहे. पाळी का थांबली, हे त्यातून कळत नाही. बीज तयार होतंय का, हेही नाही.

पूर्वी या दोन गोष्टींवर सगळा तपास उभा राहायचा, आणि त्यामागचा तर्क देखणा होता. रक्त आलं म्हणजे इस्ट्रोजेन आहे पण बीज सुटत नाही, म्हणून बहुधा पीसीओएस. रक्त आलं नाही तर मग इस्ट्रोजेनसुद्धा देऊन पाहायचं, आणि त्यानंतर आलं तर दोष वरचा, म्हणजे मेंदूचा किंवा बीजांडकोशाचा. तरीही नाही आलं तर दोष गर्भाशयाचा. संप्रेरकं मोजणं महाग आणि दुर्मीळ होतं त्या काळात डॉक्टरांनी शरीरालाच प्रयोगशाळा केलं, हे कौतुकास्पद होतं. अडचण अशी, की शरीर इतकं काटेकोर उत्तर देत नाही. अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन या संस्थेच्या समितीनं २००८ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा चित्र विस्कटलेलं दिसलं. ज्यांच्या शरीरात इस्ट्रोजेन आहे अशा बायकांपैकी २० टक्क्यांपर्यंत जणींना गोळीनंतर रक्त येत नाही. ताण, वजन घटणं, अतिव्यायाम किंवा प्रोलॅक्टिन वाढणं यांमुळे पाळी गेलेल्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत जणींना ते येतं. आणि ज्यांचे बीजांडकोश वेळेआधी थकले आहेत, त्यांच्यापैकी ५० टक्क्यांपर्यंत जणींना येतं.

शेवटचा आकडा पुन्हा वाचण्यासारखा आहे. जिथे चूक सगळ्यांत महागात पडते, तिथेच ही चाचणी नाणेफेकीच्या पातळीवर येते. त्याचं कारणही गूढ नाही. बीजांडकोश दिवा विझावा तसे एका दिवसात विझत नाहीत. थकलेल्या कोशातसुद्धा अधूनमधून एखादी पुटिका जागी होते, काही दिवस इस्ट्रोजेन देते आणि मावळते. तेवढ्यावर अस्तर थोडं वाढतं आणि गोळी थांबली की गळतं. उलट बाजूला पीसीओएसमध्ये पुरुषी संप्रेरकं जास्त असतील तर इस्ट्रोजेन असूनही ती अस्तर पातळ ठेवू शकतात, आणि मग गोळीनंतर काहीच येत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. पाळी आणायला आणि सणासुदीला किंवा पूजेसाठी पाळी पुढे ढकलायलाही सर्रास घेतली जाते ती नॉरएथिस्टेरॉनची ५ मिलिग्रॅमची गोळी. हे औषध शरीरात गेल्यावर त्याचा थोडा अंश एथिनिल इस्ट्राडायोल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन घेतलं, तर मिळणारं इस्ट्रोजेन साध्या गर्भनिरोधक गोळीतल्या २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे 'शरीरात इस्ट्रोजेन आहे का' हे विचारायला दिलेली गोळीच इस्ट्रोजेन पुरवते. अशा गोळीनंतर आलेल्या रक्तस्रावावरून निदान काढणं म्हणजे स्वतःच उत्तर लिहून स्वतःच गुण देणं.

मग आधी काय करायचं? सगळ्यांत आधी गर्भचाचणी, आणि तीसुद्धा 'शक्यच नाही' असं उत्तर मिळालं तरी. पाळी यायच्या आधी बीज सुटतं, त्यामुळे महिनोन्‌महिने पाळी नसलेली बाईसुद्धा, विशेषतः बाळाला पाजणारी, मधली पाळी न येताच गरोदर राहू शकते. संबंध नुकताच आला असेल तर आठवड्यानं चाचणी पुन्हा करावी. गोळी देऊन रक्त येतं का यावरून गर्भ आहे-नाही ठरवण्याचा काळही होऊन गेला आहे. ब्रिटनमध्ये याच कामासाठी वापरली गेलेली प्रिमोडॉस नावाची गोळी १९७८ पर्यंत विकली जात होती, आणि तिनं गर्भाला इजा झाली का हा वाद तिथे अजून धुमसतो आहे. भारतात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जादा मात्रेच्या अशा मिश्रणांवर स्त्री-संघटनांनी वर्षानुवर्षं मोहीम चालवल्यानंतर १९८८ मध्ये बंदी आली. आज लघवीची पट्टी काही रुपयांत मिळते, तेव्हा गोळीला हे काम सांगण्यात काही अर्थ नाही.

गर्भ नाही हे ठरलं की एकदाच रक्त काढून चार गोष्टी मोजायच्या: एफएसएच, इस्ट्राडायोल, प्रोलॅक्टिन आणि टीएसएच. अंगावर नको तिथे केस, फार मुरुमं असं काही असेल तर टेस्टोस्टेरॉनही. टीएसएच आणि प्रोलॅक्टिन एकत्र मोजण्यामागे कारण आहे. थायरॉइड मंदावला की प्रोलॅक्टिनही वाढू शकतं, म्हणून नुसतं प्रोलॅक्टिन पाहून मेंदूच्या एमआरआयकडे धावण्याआधी थायरॉइड पाहावा. आणि औषधांची चौकशीही करावी. मानसिक आजारांवरच्या काही गोळ्यांनी प्रोलॅक्टिन वाढतं हे डॉक्टरांच्या लक्षात असतं, पण ॲसिडिटीची म्हणून सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं आणि तेही हेच करतं, हे सांगायचं ना पेशंटला सुचतं, ना विचारायचं समोरच्याला. पट्टीची मागची बाजू वाचली म्हणून एमआरआयचा खर्च वाचल्याची उदाहरणं यातूनच घडतात.

एफएसएच आणि इस्ट्राडायोल मात्र जोडीनंच वाचायचे असतात. मेंदूच्या तळाची पिट्युइटरी ग्रंथी एफएसएच पाठवून बीजांडकोशाला हाक मारते. कोश उत्तर देत नसेल तर ती आवाज चढवते, म्हणून एफएसएच वाढतं. पण ५ युनिट एफएसएच आणि १५ पिकोग्रॅम इस्ट्राडायोल असा रिपोर्ट आला, तर लॅबच्या कागदावर एफएसएचसमोर 'नॉर्मल' छापलेलं असतं आणि तिथेच फसगत होते. इस्ट्रोजेन इतकं खाली असताना हाक वाढायला हवी होती. ती वाढली नाही, याचाच अर्थ वरून आदेश येत नाही. वजन झपाट्यानं उतरलेलं, खाणं कमी आणि व्यायाम जास्त, किंवा परीक्षा, नोकरी, घरचं दुःख यांचा ताण, अशी चौकशी इथे कामाची असते. या मुलींच्या सोनोग्राफीतही कधी कधी बारीक पुटिकांनी भरलेले बीजांडकोश दिसतात, गोळीनंतर काहींना रक्तही येतं आणि पीसीओएसचा शिक्का बसतो. मग जिला पोटभर खायला सांगायला हवं होतं, तिला वजन कमी करायला सांगितलं जातं.

आता एक काल्पनिक पण नेहमीच्या वळणाची केस पायरीपायरीनं पाहू. वय ३१, एक मूल, वर्षभर पाळी मागेपुढे होत होती आणि आता पाच महिने नाही. लघवीची चाचणी नकारार्थी. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम दहा दिवस दिलं, चौथ्या दिवशी रक्त आलं, दोन दिवस, थोडंसंच. निष्कर्ष काढला गेला की इस्ट्रोजेन आहे, वाट मोकळी आहे, बीज सुटत नाही, वजन थोडं जास्त आहे, तेव्हा पीसीओएस असणार. दर दोन महिन्यांनी गोळी. आठ महिन्यांनी ती झोपमोडीची आणि मध्येच अंग तापून घाम फुटण्याची तक्रार घेऊन येते, तेव्हा प्रथमच रक्त काढलं जातं. एफएसएच ५८, इस्ट्राडायोल १८, प्रोलॅक्टिन आणि टीएसएच ठीक. सोनोग्राफीत अस्तर ३ मिलिमीटर, बीजांडकोश लहान आणि त्यांत पुटिका जवळपास नाहीत. चार महिने पाळी बिघडलेली आणि एफएसएच २५ युनिटांच्या वर, ही युरोपातल्या एश्री या संस्थेची बीजांडकोश वेळेआधी थकल्याची कसोटी आहे. २०१६ च्या मार्गदर्शिकेत ही तपासणी चार आठवड्यांच्या अंतरानं दोनदा करायला सांगितली होती, २०२४ मध्ये शंका नसेल तर एकदाच पुरे असं म्हटलं. निदान पहिल्या भेटीतच हाती लागलं असतं. गोळीनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. तिला जे विचारलंच नव्हतं, ते तिच्या तोंडी घातलं गेलं.

या उशिराची किंमत हाडं मोजतात. एकतिसाव्या वर्षी इस्ट्रोजेन थांबलं तर हाडं पोकळ होण्याचा आणि पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन आणि सोबत प्रोजेस्टेरॉन द्यायचं असतं. दर दोन महिन्यांनी नुसतं प्रोजेस्टेरॉन दिल्यानं हे काम होत नाही. गुणसूत्रांची आणि फ्रॅजाइल एक्सच्या बदलाची तपासणी, ॲड्रीनल ग्रंथीविरुद्धची प्रतिद्रव्यं, हाडांची घनता हे सगळं त्यानंतर येतं. दुसरं मूल हवं असेल तर तेही लवकर बोलावं लागतं, कारण या अवस्थेत आपणहून दिवस राहणाऱ्या शंभरात पाचेक जणी असतात.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप रोजच्या व्यवहारातला आहे: संप्रेरकं पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासायची असतात, मग गोळीनं पाळी आणल्याशिवाय तपासणार कशी? हा नियम नियमित पाळीसाठी आहे, कारण महिन्याच्या मध्यावर एफएसएच उसळतं आणि त्या दिवशीचा आकडा फसवतो. महिनोन्‌महिने पाळीच नसेल तर दुसरा दिवस नावाची गोष्टच नसते आणि कोणत्याही दिवशी रक्त काढलेलं चालतं. चुकून नेमकं बीज सुटण्याच्या आधीचं उसळणं सापडलं, तर एलएचही सोबत चढलेलं दिसतं आणि दोनेक आठवड्यांत पाळी येऊन खुलासा होतो. उलट गोळी आधी दिली तर तिचा दाब पिट्युइटरीवर पडून आकडे काही काळ खाली येऊ शकतात. म्हणून नळीत रक्त आधी, पोटात गोळी नंतर.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनं २०१७ च्या मार्गदर्शिकेत, ताणामुळे पाळी गेलेल्यांसाठी, गर्भ नाही हे पाहून ही गोळीची चाचणी करावी असं सुचवलं आहे. शिवाय इस्ट्राडायोल दिवसागणिक वरखाली होतं, एका दिवसाचा आकडा म्हणजे त्या दिवसाची शिल्लक. अस्तर हे मागच्या कित्येक आठवड्यांचं पासबुक असतं, आणि गोळी तेच उघडून दाखवते. हे मला पटतं. म्हणूनच ही चाचणी टाकून द्यावी असं मी म्हणत नाही. पण त्याच मार्गदर्शिकेत ती रक्ततपासण्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही, आणि तिच्याकडून अपेक्षाही इस्ट्रोजेनचा अंदाज व मोकळी वाट एवढीच ठेवली आहे. तेच पासबुक सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजूनही वाचता येतं, तीन आठवडे न थांबता.

खेड्यात लॅब नाही, गोळी स्वस्त आहे, हा तिसरा मुद्दा. खरा आहे, पण रक्ताचे नमुने आज तालुक्याच्या गावाहून शहरात जातात, आणि दर दोन महिन्यांची पट्टी वर्षभर घेतली तर स्वस्तपणाचा हिशोबही पुन्हा मांडावा लागतो. पीसीओएसचं निदान पक्कं झाल्यावर मात्र हीच गोळी उपचार ठरते. इस्ट्रोजेन एकटंच महिनोन्‌महिने अस्तर वाढवत राहिलं तर ते दाट होत जातं, त्यात पेशींची विकृती आणि क्वचित कर्करोगही होऊ शकतो. दर काही आठवड्यांनी ते गाळून टाकणं हे गोळीचं हक्काचं काम आहे.

राहिला प्रश्न रक्त न येण्याचा. चारही तपासण्या ठीक, सोनोग्राफीत बीजांडकोश ठीक, तरी गोळीनंतर काही येत नसेल, तर नजर गर्भाशयाकडे वळवायची. इस्ट्रोजेन २१ दिवस आणि शेवटचे दहा दिवस सोबत प्रोजेस्टेरॉन, अशी दुसरी फेरी करता येते. तिच्यानंतरही कोरडं राहिलं तर अस्तराच्या जागी चट्टे असण्याची शक्यता बळावते. गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर क्युरेटिंग झालेलं असेल आणि त्यानंतरच पाळी गेली असेल, तर ही दुसरी फेरीसुद्धा बहुतेक वेळा वेळ घालवणारी ठरते. दर महिन्याला ठरलेल्या दिवसांत ओटीपोट दुखतं पण येत काहीच नाही, असं ती सांगत असेल तर आत साचलेलं रक्त वाट शोधत असू शकतं. जोसेफ आशरमन यांनी १९४८ मध्ये या चिकटलेल्या गर्भाशयांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव या विकाराला आहे. आपल्याकडे त्याला क्षयाचीही जोड असते. जननेंद्रियांचा क्षय अस्तर जाळत जातो, तापखोकला नसतानाही. तेव्हा हिस्टरोस्कोपीनं, म्हणजे बारीक दुर्बीण आत घालून, पाहायचं आणि अस्तराचा तुकडा क्षयाच्या तपासणीसाठी पाठवायचा. चट्टे पातळ असतील तर ते त्याच बैठकीत सोडवता येतात. क्षय निघाला तर मात्र आधी त्याचा पूर्ण उपचार करायचा, आणि पाळी परत येईल की नाही हे अस्तराचा खालचा थर किती शिल्लक आहे त्यावर ठरतं.